चार आण्यांची पंचमी

शिरूरच्या मुलींच्या शाळेतून आम्ही पाचजणी एकाच वर्षी सातवी पास झालो आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत पाचहीजणी उजवल्या गेल्या. एक न्हावऱ्याला शेतकऱ्याच्या घरात गेली. एक दौंडला, रेल्वेच्या गार्डाशी लग्न करून क्वार्टरमध्ये. एक वरवंडला, हमरस्त्यावरच्या किराणा दुकानदाराच्या घरी. चौथी मणेराची लेक, तिचं माहेर आणि सासर दोन्ही शिरूरच्याच पेठेत, दोन्हीकडं बांगड्यांचं दुकान. पाचवी मी. माझे यजमान कचेरीत कारकून आणि मी त्याच मुलींच्या शाळेत मास्तरीण, म्हणून मीही गावातच राहिले. नावानं आम्ही एकमेकींना हाका मारणं केव्हाच सोडलं होतं. न्हावरेकरीण, दौंडकरीण, वरवंडकरीण, मणेरीण आणि मास्तरीण, अशी आमची थट्टेची नावं होती, आणि तीच इथं पुरेत.

बाहेरच्या तिघी नागपंचमीला माहेरी यायच्या. त्या दुपारी आम्ही पाचजणी जमायचो. पहिल्या वर्षी कोणी काही ठरवलं नव्हतं. दौंडकरणीनं मात्र आमच्या चौघींसाठी पावडरचे चार डबे आणले. ते बघून वरवंडकरणीनं पिशवीतून रंगीत काचेचे पेले काढले. मी रुमाल भरून आणले होते, मणेरणीकडं बांगड्यांना तोटा नव्हता. न्हावरेकरणीनं मांडीखाली एक गाठोडं दाबून धरलं होतं. मी शेजारीच होते, गाठ सैल झाली तेव्हा मला दिसलं. आत हुलगे होते. तिनं ते शेवटपर्यंत वर काढलं नाही आणि जाताना तसंच परत नेलं. तिला मिळालेले पेले आणि डबा मात्र तिच्या हातात दिसत होते, आणि तिचा चेहरा कोणी तिचं काही काढून घेतल्यासारखा झाला होता.

पुढच्या पंचमीला ती आली नाही. बैल आजारी आहे, असा निरोप आला. बैल आजारी पडला तर पंचमीला लेकीला माहेरी न धाडणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. मी काय ते समजले. दौंडकरणीनं त्या वर्षी प्रत्येकीला ब्लाऊजपीस आणला होता.

तेव्हा मी नियम केले. मास्तरीण होते, नियम करायची खोड होतीच. यजमान म्हणाले, "शाळेत पोरी आहेत, घरात मी आहे, आता मैत्रिणीही ओळीत उभ्या कर." पण त्यांनीच मला खरी अडचण दाखवून दिली. ते म्हणाले, प्रत्येकीनं चौघींना द्यायचं म्हणजे स्वस्त वस्तूही महाग पडणार. एकीनं एकीलाच द्या.

म्हणून चिठ्ठ्या. पाच चिठ्ठ्या वाटीत टाकायच्या, प्रत्येकीनं एक उचलायची, जिचं नाव येईल तिलाच भेट द्यायची आणि ते कोणाला सांगायचं नाही. स्वतःचंच नाव आलं तर सगळ्या चिठ्ठ्या परत वाटीत आणि पुन्हा पहिल्यापासून. एकट्या तिनंच बदलून घेतली तर उरलेल्यांना अंदाज येतो, हे पहिल्याच खेपेला लक्षात आलं. चिठ्ठ्या या पंचमीला उचलायच्या आणि भेट पुढच्या पंचमीला द्यायची, म्हणजे वर्षभर हाताशी येईल तसं जमवता येतं आणि सणाच्या तोंडावर कोणापुढं हात पसरावा लागत नाही. पंचमीच्या दिवशी आमच्याकडं चिरत नाहीत, कापत नाहीत, त्यामुळं चिठ्ठ्या आदल्या दिवशीच कापून ठेवायच्या. पुडीची सुतळीसुद्धा कातरीनं तोडायची नाही, नखांनी आणि दातांनी सोडवायची. मग वरवंडकरीण मुद्दाम दुकानातल्या पोत्यासारख्या गाठी मारून आणायची आणि आम्ही हसून बेजार व्हायचो.

भेट चार आण्यांच्या वर नाही. शक्य तर फुकटच. आणि ती जिच्या तिच्या कामातली किंवा गावातली हवी, बाजारातून आयती आणलेली नको. मिळालेली वस्तू पुढच्या पंचमीपर्यंत वापरून संपवायची, नाहीतर वापरात दाखवायची. ट्रंकेत घालून ठेवली तर दंड. भेट कोणाकडून आली हे घेणारीनं ओळखायचं. चुकली तर तिनं उखाणा घ्यायचा. उखाण्याचा नियमही माझाच. नव्या सुना होतो आम्ही, नवऱ्याचं नाव तोंडातून काढायला कोणी जरा भाग पाडावं एवढंच हवं होतं.

दौंडकरीण सुरुवातीला फुरंगटली. म्हणाली, "चार आण्यांत काय येतं गं? हे काय पोरींचं भातुकलीचं?" पण तिच्याच भेटी पुढं सगळ्यांत झकास निघाल्या. एका वर्षी तिनं इंजिन पुसायच्या सुताचं फेकून दिलेलं बोचकं सोड्यानं धुऊन, पिंजून, त्याच्या वर्षभराच्या वाती वळून आणल्या. मणेरणीनं फुटक्या बांगड्यांचे तुकडे दिव्याच्या ज्योतीवर वाकवून एकात एक अडकवले आणि दारावर लावायची साखळी केली. वरवंडकरणीनं चहाच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याला खिळ्यानं भोकं पाडून झारा केला. आणि न्हावरेकरीण! तिच्याकडं काय नव्हतं? बाभळीचे काटे घासूनपुसून टाचणीसारखे केलेले, एरंडेलावर धरलेलं काजळ, बाजरीच्या भुसाची उशी. चार आण्यांचा नियम झाला आणि आमच्यात सगळ्यांत श्रीमंत तीच ठरली. तिचं गाठोडं आता मांडीखाली राहत नव्हतं. मी ते बघायची आणि मनात म्हणायची, नियम बरा जमला.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यात खापराची भर पडली. न्हावरेकरणीचं आजोळ इनामगावला. तिकडं घोडनदीच्या काठी मातीत जुनी रंगीत खापरं पावलोपावली सापडायची. त्यातलं एक तिनं आणलं. तांबडं, हाताच्या पंजाएवढं, वर काळ्या रेघा. वर्षातल्या सगळ्यांत गमतीच्या भेटीला ते खापर बक्षीस. जिला मिळेल तिनं ते वर्षभर सांभाळायचं, पुढची पंचमी तिच्या घरी, आणि चिठ्ठ्या कापायचा मानही तिचाच. भाकरी भाजायलासुद्धा निरुपयोगी असं ते मातीचं ठिकूर, पण त्यासाठी आम्ही भांडायचो. पुढं नवे पैसे आले, चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे झाले, तरी आम्ही चार आणेच म्हणत राहिलो.

ज्या पंचमीला खापर माझ्याकडं आलं, त्या वर्षी मी वरवंडकरणीला शाईच्या बाटलीची चिमणी दिली होती. झाकणाला भोक यजमानांनी पाडलं होतं, बोट कापून घेऊन. ते भोक इतकं तिरकं पडलं की वात एका बाजूला झुकून जळायची, आणि वरवंडकरीण म्हणाली, "भावजींनी लावलेला दिवा हाय, वाकडाच असणार." सगळ्यांनी एकमतानं खापर मला दिलं. संध्याकाळी चिठ्ठ्या उचलल्या. मला न्हावरेकरीण आली.

पुढं थंडीत यजमान विषमज्वरानं गेले.

चौघी आल्या. चौघीही रडल्या, आणि खोटं रडल्या असं मी म्हणणार नाही. न्हावरेकरीण तर माझ्या घरी राहिली, चुलीशी बसली, मला घास भरवला. शाळेनं मला ठेवून घेतलं, म्हणून मी त्या दोन खोल्यांत टिकून राहिले. बाकीचं जग हळूहळू मागं सरकलं. शेजारणी बारशाला बोलावताना माझ्या दारावरून पुढं जायच्या. मी ते गिळलं. त्या शेजारणी होत्या, त्यांच्याशी माझं काय? माझं जे होतं ते पंचमीचं होतं. मला फक्त पाचांतली एक राहायचं होतं. आणि तिथं मला भीती नव्हती, कारण तिथं हळदीकुंकू नव्हतं, ओटी नव्हती, मान नव्हता की पान नव्हतं. मणेरीण मुसलमान, म्हणून आम्ही ते पहिल्यापासूनच ठेवलं नव्हतं. होती ती चार आण्यांची गंमत. ती कोणालाही घेता येते आणि कोणालाही देता येते, असं मला वाटत होतं.

वर्षभर मी न्हावरेकरणीसाठी खडू जमवले. फळ्याशी बोटात धरता येत नाहीत असे तुकडे शेवटी केरात जातात, ते मी डब्यात टाकत गेले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते वरवंट्यानं बारीक केले, धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळले. पांढरीशुभ्र, बोटातून पाण्यासारखी सुटणारी रांगोळी झाली. रंगीत खडूंची वेगळी, तीन लहान पुड्यांत. पैसा एक नाही. माझ्या कामातली वस्तू, आणि वर्षभरात संपणारी. न्हावरेकरणीला दारात रांगोळी काढायची हौस, आणि तिच्या सासूला ती विकत आणलेली खपायची नाही. इतकी नेमकी भेट मला त्याआधी कधी साधली नव्हती.

खापर माझ्याकडं, म्हणजे पंचमी माझ्या घरी. आदल्या दिवशी मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या कडा कापून चिठ्ठ्या केल्या. ज्वारीच्या लाह्या फोडल्या, पुरणाचे दिंड केले. उखाण्याचाही विचार करून ठेवला होता. माझ्यामुळं बाकीच्यांचा विरस नको, म्हणून यंदापासून चुकणारीनं आपल्या जुन्या बाईंची नक्कल करायची, असं मी सुचवणार होते. मी कुठंकुठं अवघड होईन ते सगळं मीच आधी काढून टाकलं होतं.

दुपार झाली. चटईवर पाच ताटल्या मांडून मी बसले होते. दौंडकरणीचं माहेर माझ्या मागच्याच आळीत. तिथल्या लिंबाला झोका बांधलेला, आणि झोक्यावरच्या बायकांचा आवाज येत होता. त्यात वरवंडकरणीचं हसणं मी शंभरांत ओळखलं असतं. आधी वाटलं, एकमेकींना बोलवायला तिकडं गेल्या असतील, मिळून येतील. दिंड गार झाले तरी मी तेच म्हणत राहिले.

मग मणेरीण एकटी आली. पंचमीच्या आधी आठ दिवस तिच्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळं दर वर्षी ती उशिराच यायची आणि आल्या आल्या पाय पसरायची. त्या दिवशी ती उंबऱ्याशीच टेकली. तिच्या काखेत कागदात बांधलेलं मोठं पुडकं होतं.

"बाकीच्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"तिकडं दौंडकरणीकडं. तिच्या आईनं सवाष्णी बोलावल्यात. हळदीकुंकू ठेवलंय."

"आपल्यात हळदीकुंकू कधीपासून?"

"मला काय विचारतीस? मला बोलावलं, मी गेले. निम्म्या बायका माझ्या गिऱ्हाईक हायेत. न जाऊन जाऊ कुठं?"

तिनं पुडकं पुढं सरकवलं. मी सोडलं. गाठ साधी होती, एका ओढीत सुटली. आत लोकरीची शाल होती, राखी रंगाची, दुकानातली घडी न मोडलेली.

"चौघींनी मिळून घेतली," ती म्हणाली. "तुला थंडीत बरी पडंल."

चार आण्यांत त्या शालीचा एक गोंडासुद्धा आला नसता. मला आधी राग आला तो न बोलावल्याचा नाही, या शालीचा. मैत्रिणींना चार आण्यांचं देतात. शाल देतात ती कीव आलेल्या बाईला.

"माझी चिठ्ठी कोणाकडं होती?" मी विचारलं.

"माझ्याकडंच व्हती. बांगड्या बाजूला ठेवल्या व्हत्या, तुझ्या मापाच्या."

"मग?"

"विकल्या. पंचमीला कोण बांगड्या ठेवून घेतं? आन् तुला देऊन तू काय करणार व्हतीस?"

ती निदान खरं तरी बोलली. तिचा मला राग करता आला नाही, आणि करता आला असता तर बरं झालं असतं. मग तिनं मान खाली घालून दुसरी गोष्ट सांगितली.

"ते खापर मागितलंय. आज तिथंच चिठ्ठ्या टाकायच्यात."

"किती?"

"चार."

मी उठले. शाल होती तशी घडी घालून पुन्हा बांधली आणि तिच्या हातात दिली. "सांग त्यांना, नियमाच्या वरची भेट घेत नाही. आणि खापर ज्या घरी, पंचमी त्या घरी. ज्यांना हवं त्यांनी इथं यावं. लाह्या आहेत." रांगोळीची पुडी मी तिच्या पिशवीत घातली. "ही न्हावरेकरणीची. मला तिची चिठ्ठी आली होती. एवढं पोचव."

कोणी आलं नाही. रात्रीचं जेवण म्हणून मी दिंड खाल्ले, टाकवेनात म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एसटी स्टँडवर गेले. न्हावरेकरीण संध्याकाळच्या गाडीनं जाणार हे मला ठाऊक होतं. ती बोचकं घेऊन एका कडेला उभी होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि मी काही विचारायच्या आत पिशवीतून माझी पुडी काढली. सुतळी तशीच होती. तिनं ती सोडलीसुद्धा नव्हती.

"ही घे गं माघारी. सासूबाई न्हाई घेऊ देनार घरात. दारात काढायची वस्तू, तुझ्या हातची... तू समजून घे."

"खडूची आहे ती. शाळेतल्या खडूची. मीच गाळली."

"व्हय, पर दारात काढायची ना?"

स्टँडवर माणसं होती. कंडक्टर शिट्टी तोंडात धरून उभा होता. मला कशाचीही लाज उरली नव्हती. सात-आठ वर्षं जे मी कोणापुढं बोलले नव्हते, ते मी तिच्या तोंडावर फेकलं. "तुला माहीत आहे का चार आण्यांचा नियम कोणासाठी केला? तुझ्यासाठी केला. तुझे हुलगे मी बघितले होते. तू यावंस म्हणून सगळ्यांचे हात मी बांधले. आणि आज माझी पुडी तुला जड झाली?"

मला वाटलं ती खाली बघेल. तिनं सरळ माझ्याकडं बघितलं.

"ठाऊक हाय मला. पहिल्या सालीच कळलं व्हतं. तू गाठोडं बघितलंस ते बी मी बघितलं व्हतं. तवा मी गप घेतलंच की गं. तुमच्यात बसायला मिळतंय म्हणून घेतलं. दर साली घेत आले. तू बी शाल घ्यायला पायजे व्हतीस."

ती गाडीत चढली. पुडी माझ्या हातात राहिली. मी घरी आले, दार लावलं आणि पहिल्यांदा तिच्यासाठी नाही, यजमानांसाठीही नाही, त्या नियमांसाठी रडले. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तिला आमच्या बरोबरीला आणलं. आणि ती मात्र दर वर्षी माझी शाल पांघरून बसत होती.

पुढच्या गोष्टी मला मणेरणीकडून कळत गेल्या. चौघींनी चिठ्ठ्या टाकल्या, पण खापर नव्हतं, आणि चार आण्यांची आठवण करून द्यायलाही कोणी नव्हतं. सवाष्णीला रिकामी डबी कशी द्यायची, म्हणून आधी स्टीलची वाटी आली. वाटीला वाटी कमी पडली, म्हणून पुढच्या वर्षी डबा आला. मग दौंडकरणीच्या आईनं म्हटलं, एकीनं एकीलाच काय, सगळ्यांना द्यावं, लुटायचंच तर हात आखडू नये. त्याच्या पुढच्या पंचमीला न्हावरेकरणीचा बैल पुन्हा आजारी पडला. ते ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? संध्याकाळपर्यंत बरं वाटत राहिलं. मग नाही.

ती एकदा बाजारच्या दिवशी माझ्या शाळेच्या फाटकापर्यंत आली होती, असं शिपाईण म्हणाली. विचारून गेली, बाई हायेत का. मी वर्गात होते. शिपाईण मला बोलवायला येईपर्यंत ती निघून गेली होती. ती कशासाठी आली होती हे मी कधी विचारायला गेले नाही, आणि तीही पुन्हा आली नाही.

रांगोळीची पुडी मी शाळेत ठेवली. पंधरा ऑगस्टला झेंड्याभोवती घालायला ती दोन वर्षं पुरली. सगळ्या बाया, सवाष्णी आणि हेडमास्तरांच्या सौभाग्यवतीसुद्धा, तिचं कौतुक करत तिथं उभ्या राहिल्या. हातची कोणाची, हे कोणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

पुढं इनामगावला मोठी माणसं आली, नदीकाठ खणू लागली, आणि तिथली खापरं हजारो वर्षांची आहेत असं गावात बोलू लागले. मणेरीण मला म्हणाली, "तुझ्याकडचं दाखव की त्यांना, मोलाचं असंल." मी नाही दाखवलं. ते चार आण्यांच्या आतलंच राहू दे.

खापर अजून माझ्या फडताळात आहे. पंचमीच्या आदल्या दिवशी मी ते पुसते. चिठ्ठ्या कापत नाही, पण लाह्या फोडते. नियम मोडायचा तर पाचहीजणींनी मिळून मोडायला हवा होता, आणि तसा तो कधी मोडला गेला नाही. त्यामुळं नियमाप्रमाणं पंचमी अजून माझ्याच घरी आहे.